रुंदीकडेही बघा: मोझेइक प्लॉट कसा वाचायचा

बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शाखेनिहाय टक्केवारीचा आलेख ठरलेला. कला, वाणिज्य, विज्ञान, व्यावसायिक असे चार स्तंभ, आणि चारही सारख्याच जाडीचे. आपण उंच स्तंभ कोणता ते बघतो, त्या शाखेला शाबासकी देतो आणि पान उलटतो. एखाद्या शाखेला मुळात मुलेच थोडी बसली असली तरी तिचा स्तंभ बाकीच्यांइतकाच ऐसपैस दिसतो. किती मुले बसली हे कुठेतरी खाली बारीक टायपात असते, नाहीतर नसतेच.

हल्ली मात्र सर्वेक्षणांच्या अहवालांत आणि इंग्रजी बातम्यांत एक वेगळाच आलेख दिसू लागला आहे. त्यात स्तंभ कमीजास्त जाडीचे असतात, एकमेकांना चिकटून उभे असतात आणि प्रत्येक स्तंभ आतून वेगळ्याच ठिकाणी कापलेला असतो. त्याचे नाव मोझेइक प्लॉट. जॉन हार्टिगन आणि बीट क्लायनर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी तो १९८१ साली मांडला. कंपन्यांच्या सादरीकरणात जवळपास असाच आलेख ‘मॅरिमेक्को’ या नावाने फिरतो. पहिल्यांदा पाहणारा सहसा गोंधळतो, कारण स्तंभाची जाडी काहीतरी सांगत असते याची आपल्या डोळ्यांना सवयच नाही.

## आधी उभे वाटे, मग आडवी मेर

एक चौकोनी कुळागर डोळ्यांसमोर आणा. खालच्या बाजूने रस्ता, वरच्या बाजूला ओहोळ. चार भावांत वाटण्या झाल्या आणि रस्त्यापासून ओहोळापर्यंत उभ्या मेरा पडल्या. वाटे सारखे नाहीत. कुणाला रस्त्यालगतची रुंद पट्टी मिळाली, कुणाला अरुंद, पण लांबी सगळ्यांची एकच. मग प्रत्येक भावाने आपल्या पट्टीत एक आडवी मेर घातली. रस्त्याकडच्या भागात पोफळी, ओहोळाकडच्या भागात माड. ही आडवी मेर कुठे घालायची ते ज्याने त्याने ठरवले.

आता तीन प्रश्न विचारता येतात. कुळागराचा केवढा वाटा थोरल्याकडे गेला? पट्टीची रुंदी बघा. थोरल्याने स्वतःच्या जमिनीतला केवढा हिस्सा पोफळींना दिला? आडवी मेर किती उंचीवर आहे ते बघा. पोफळी सर्वांत जास्त जमिनीवर कुणाच्या आहेत? इथे एकटी रुंदी पुरत नाही, एकटी उंचीही पुरत नाही. क्षेत्रफळ बघावे लागते.

मोझेइक प्लॉट म्हणजे नेमके हेच. भावांच्या जागी एक वर्गवारी असते आणि पोफळी-माडांच्या जागी दुसरी. वर्गवारी म्हणजे ज्या गोष्टीची मोजपट्टीवर मोजणी होत नाही, फक्त नावाच्या कप्प्यांत विभागणी होते अशी गोष्ट: शाखा, जिल्हा, पास-नापास. पाठ्यपुस्तकात तिला गुणात्मक चल म्हणतात. पुढे आपण वर्गवारीच म्हणू.

क्षेत्रफळातून माणसांची संख्या कशी मिळते, हे एका ओळीत दाखवता येते. पट्टीची रुंदी म्हणजे त्या गटातली माणसे भागिले एकूण माणसे. आतल्या आयताची उंची म्हणजे त्या आयतातली माणसे भागिले त्या गटातली माणसे. दोन्हींचा गुणाकार केला की ‘गटातली माणसे’ वर-खाली उडून जातात आणि उरतात आयतातली माणसे भागिले एकूण माणसे. म्हणून दुप्पट क्षेत्रफळाच्या आयतात दुप्पट माणसे असतात, मग तो आयत लांबुडका असो की बुटका.

## गोव्याचे चार आयत

सर्वांत साधे चित्र चार आयतांचे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात दोन जिल्हे होते. उत्तर गोव्याची लोकसंख्या सुमारे ८ लाख १८ हजार, दक्षिण गोव्याची सुमारे ६ लाख ४० हजार. शंभर सेंटिमीटर रुंदीचा फळा घेतला तर उत्तरेची पट्टी ५६ सेंटिमीटर आणि दक्षिणेची ४४ सेंटिमीटर. उत्तरेत शहरी लोकसंख्या साधारण ६० टक्के, दक्षिणेत साधारण ६५ टक्के. शहरी आयत खाली ठेवले तर डावीकडची आडवी रेष ६० वर येते आणि उजवीकडची ६५ च्या किंचित खाली.

दोन रेषांमध्ये एक लहानशी पायरी दिसते, उजवीकडे चढणारी. दक्षिण गोवा थोडा जास्त शहरी आहे, हे ती पायरी सांगते. पण शहरी माणसे जास्त कुठे आहेत? उत्तरेत. डावीकडचा शहरी आयत बुटका असला तरी रुंद आहे, आणि त्यात सुमारे ४ लाख ९३ हजार माणसे बसतात. उजवीकडच्या उंच आयतात सुमारे ४ लाख १४ हजार. सारख्या जाडीच्या स्तंभांत हे दिसलेच नसते.

पायरी मुळीच नसती, दोन्ही रेषा एका पातळीत सरळ गेल्या असत्या, तर त्याचा अर्थ असा की जिल्हा कळल्याने शहरी-ग्रामीण प्रमाणाबद्दल नवीन काहीच कळत नाही. दोन वर्गवाऱ्यांचा एकमेकींशी संबंध नाही, असे संख्याशास्त्रवाले म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हीच सरळ रेष असते. पायऱ्या जितक्या मोठ्या, तितका संबंध घट्ट.

जाता जाता: कळंगुट आणि कांदोळीला पंचायत आहे, पण जनगणनेत ही गावे ‘शहरी’ कप्प्यात मोडतात. कारण पाच हजारांची वस्ती, कमावत्या पुरुषांपैकी किमान पाऊण भाग शेतीबाहेर आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची दाटी या कसोट्या पुऱ्या झाल्या की जनगणना त्या गावाला शहर मानते. गोव्यात अशी पंचायतवाली शहरे पुष्कळ आहेत. ती सगळी ग्रामीण कप्प्यात टाकली असती तर आडवी रेष बरीच खाली आली असती. आयत नेमका काढलेला असला तरी कप्प्याची व्याख्या चित्र काढण्याआधीच ठरलेली असते आणि ती चित्रात दिसत नाही.

## कागदावर टायटॅनिक

जिथे पायऱ्या ठळक आहेत असे उदाहरण आता घेऊ. १५ एप्रिल १९१२ ला टायटॅनिक बुडाली. ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडच्या चौकशीतल्या आकड्यांवर आधारलेला एक तक्ता संख्याशास्त्राच्या वर्गांत जगभर वापरला जातो. त्यात एकूण २२०१ माणसे आहेत. इतर ठिकाणी एकूण आकडा थोडा वेगळा सापडतो, पण आपण याच तक्त्याला धरून राहू.

पहिल्या वर्गात ३२५ जण होते, त्यांतले २०३ वाचले. दुसऱ्या वर्गात २८५ पैकी ११८ वाचले. तिसऱ्या वर्गात ७०६ पैकी १७८. आणि जहाजावरचे कर्मचारी, म्हणजे क्रू, ८८५. त्यांतले २१२ वाचले.

हे चित्र हाताने काढायला आलेख कागद आडवा धरा. आकडे सोयीचे आहेत: रुंदीत १ मिलिमीटर म्हणजे १० माणसे धरली की संपूर्ण चित्र २२० मिलिमीटर रुंद होते. उंची १०० मिलिमीटर घ्या, म्हणजे १ मिलिमीटर उंचीला एक टक्का. आता डावीकडून पट्ट्या पाडा. पहिला वर्ग साडेबत्तीस मिलिमीटर, दुसरा साडेअठ्ठावीस, तिसरा साडेसत्तर आणि क्रू साडेअठ्ठ्याऐंशी. एवढ्यावरच एक गोष्ट डोळ्यांत भरते: या चारांत सर्वांत मोठा गट प्रवाशांच्या कोणत्याच वर्गाचा नव्हता, कर्मचाऱ्यांचा होता.

मग आडव्या रेषा. वाचलेल्यांना खाली ठेवू. पहिल्या वर्गात २०३ भागिले ३२५, म्हणजे साडेबासष्ट टक्के. रेष साडेबासष्ट मिलिमीटरवर. दुसऱ्या वर्गात ४१ वर. तिसऱ्यात २५ वर. क्रूमध्ये २४ वर. डावीकडून उजवीकडे उतरणारा जिना तयार होतो. पहिल्या दोन पायऱ्या खोल आहेत, शेवटची जवळपास सपाट.

या मापात एका माणसाला बरोबर १० चौरस मिलिमीटर जागा मिळते. पहिल्या वर्गातल्या वाचलेल्यांचा आयत ३२.५ गुणिले ६२.५, म्हणजे सुमारे २०३० चौरस मिलिमीटर, माणसे २०३. पेन्सिलने काढलेल्या कोणत्याही आयताची अशी पडताळणी करता येते. चित्र चुकले असेल तर ते इथेच पकडले जाते. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे उंची एकूण माणसांच्या टक्केवारीने काढणे. २०३ ला ३२५ ने भागायच्या ऐवजी २२०१ ने भागले की आयत नऊ मिलिमीटर उंचीचा होतो, आणि वाचलेले व बुडालेले मिळून पट्टी वरपर्यंत भरत नाही. पट्टी वरपर्यंत भरली नाही की छेद चुकला आहे असे समजावे.

संगणकावर काढायचे असेल तर आर या मोफत संगणक प्रणालीत हा तक्ता आधीपासून घातलेला आहे:

```
t <- margin.table(Titanic, c(1, 4))
mosaicplot(t, shade = TRUE)
```

पहिल्या ओळीत वर्ग आणि वाचणे या दोनच वर्गवाऱ्या उचलल्या, दुसऱ्या ओळीत चित्र काढले. पडद्यावर आयतांमध्ये बारीक फटी दिसतील. त्या फक्त नजरेच्या सोयीसाठी सोडलेल्या असतात, त्यांना माणसे समजू नये.

## ‘मग सर्वांत जास्त कोण वाचले?’

हे चित्र फळ्यावर काढले की अकरावीच्या वर्गात हमखास वाद होतो. एक बाजू म्हणते, पहिला वर्ग. केवढा उंच आयत आहे बघा. दुसरी बाजू तक्त्याकडे बोट दाखवते: “सर, क्रूचे २१२ वाचले, पहिल्या वर्गाचे २०३.” दोघेही खरेच बोलत असतात, फक्त त्यांनी वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तरे दिलेली असतात.

चित्रात ते दोन आयत शेजारी ठेवून पाहा. एक साडेबत्तीस रुंद आणि साडेबासष्ट उंच, उभा. दुसरा साडेअठ्ठ्याऐंशी रुंद आणि २४ उंच, आडवा पडलेला. क्षेत्रफळ २०३० आणि २१२०, म्हणजे फरक पाच टक्क्यांच्याही आत. ‘किती माणसे वाचली’ या प्रश्नाला दोन्ही गट जवळपास सारखे. ‘या गटातल्या माणसाला वाचण्याची संधी केवढी होती’ या प्रश्नाला दोघांमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर.

मोझेइक प्लॉटची खरी मर्यादाही इथेच उघडी पडते. एक उभा आणि एक आडवा आयत दाखवून ‘मोठा कोणता’ असे विचारले तर माणसाची नजर सर्रास फसते. एकाच पायावर उभ्या असलेल्या दोन उंचींची तुलना आपण फार चांगली करतो, क्षेत्रफळांची वाईट. म्हणून माझे मत असे की मोझेइक प्लॉटमधून उंचीच्या पायऱ्या आणि पट्ट्यांची रुंदी बिनधास्त नजरेने वाचावी, पण दोन वेगळ्या घडणीच्या आयतांतली माणसे तोलायची असतील तर आकडा मागावा. चांगला चित्रकार तो आयतातच लिहून ठेवतो. नसेल लिहिला तर ‘साधारण सारखे’ किंवा ‘दुपटीहून जास्त’ एवढेच म्हणून थांबावे.

आणखी एक बारकावा. वाचलेल्यांचे आयत खाली, एका सरळ पायावर उभे आहेत, म्हणून त्यांच्या उंची ताडता येतात. बुडालेल्यांचे आयत वरून लटकतात, त्यांचीही वरची कड सरळ आहे. दोनच कप्पे असतात तेव्हा सगळे सोपे. पण दुसऱ्या वर्गवारीत पाच कप्पे असले, उदाहरणार्थ सर्वेक्षणातले ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत, तर मधल्या तीन कप्प्यांचे आयत ना खालच्या पायावर, ना वरच्या. ते प्रत्येक पट्टीत वेगवेगळ्या उंचीवर तरंगतात आणि त्यांची तुलना जवळपास अशक्य होते. अशा चित्रात तळाचा आणि माथ्याचा कप्पाच काय तो भरवशाने वाचता येतो.

## उभे आधी की आडवे आधी?

कुळागराच्या वाटण्या उलट क्रमानेही करता आल्या असत्या: आधी पोफळी आणि माड वेगळे, मग त्यात भावांचे हिस्से. तसेच इथेही आधी वाचलेले आणि बुडालेले अशा दोन पट्ट्या पाडून मग प्रत्येकीत चार वर्ग कापता येतात.

मग वाचलेल्यांची पट्टी ७११ माणसांची होते, एकूण रुंदीच्या एक तृतीयांशाहून किंचित कमी. तिच्यात पहिला वर्ग २९ टक्के, दुसरा १७, तिसरा २५ आणि क्रू ३० टक्के. बुडालेल्यांची पट्टी १४९० माणसांची. तिच्यात पहिला वर्ग अवघा ८ टक्के आणि क्रू ४५. आठही आयतांचे क्षेत्रफळ पहिल्या चित्राइतकेच राहिले, कारण माणसे तीच. बदलला तो फक्त घाट.

घाट बदलला की प्रश्न बदलतो. पहिले चित्र विचारते: तिसऱ्या वर्गात असलेल्यांपैकी किती वाचले? पंचवीस टक्के. दुसरे चित्र विचारते: वाचलेल्यांपैकी किती जण तिसऱ्या वर्गाचे होते? तेही पंचवीस टक्के! हा निव्वळ योगायोग आहे, पण घातक योगायोग, कारण तो पाहून दोन्ही प्रश्न एकच आहेत असे वाटू लागते. क्रू घेतला की भ्रम फिटतो. क्रूपैकी २४ टक्के वाचले. वाचलेल्यांपैकी ३० टक्के क्रू. बातम्यांत ही अदलाबदल रोज होते. ‘अपघातग्रस्तांपैकी इतके टक्के दुचाकीस्वार’ हे वाक्य वाचून आपण ‘दुचाकीस्वारांपैकी इतक्या टक्क्यांना अपघात होतो’ असे ऐकतो.

मोझेइक प्लॉट समोर आला की आधी बघायचे ते हेच: वरपासून खालपर्यंत न तुटता जाणाऱ्या रेषा कोणत्या वर्गवारीच्या आहेत? त्या वर्गवारीच्या आत टक्केवारी वाचायची. साधारण रिवाज असा की ज्या गोष्टीचा परिणाम तपासायचा ती आधी कापावी आणि परिणाम नंतर. वर्ग आधी, वाचणे नंतर.

## रंग कशाचे?

काही मोझेइक प्लॉट निळ्या-तांबड्या छटांत येतात. मायकेल फ्रेंडली या संख्याशास्त्रज्ञाने १९९४ साली ही पद्धत रूढ केली, आणि वर दिलेल्या ओळींतला shade = TRUE तेच काम करतो. लोक इथे सर्वांत जास्त फसतात, म्हणून थोडे सावकाश जाऊ.

वर्गाचा आणि वाचण्याचा काहीही संबंध नसता तर काय झाले असते, अशी कल्पना करा. संपूर्ण जहाजावर २२०१ पैकी ७११ वाचले, म्हणजे ३२ टक्क्यांच्या आसपास. मग पहिल्या वर्गातल्या ३२५ पैकीही तेवढेच टक्के, म्हणजे १०५ जण वाचायला हवे होते. ही झाली अपेक्षित संख्या. प्रत्यक्षात वाचले २०३. फरक ९८. या फरकाला अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाने भागतात. १०५ चे वर्गमूळ सव्वादहा, तेव्हा उत्तर साडेनऊच्या वर. वर्गमुळाने भागायचे कारण असे की पाचशे अपेक्षित असताना पन्नासचा फरक निव्वळ योगायोगानेही थोडाफार पडू शकतो, वीस अपेक्षित असताना पन्नासचा फरक मात्र डोळे विस्फारायला लावतो.

हे उत्तर अधिक २ च्या वर गेले तर आयत फिका निळा, ४ च्या वर गडद निळा. उणे २ च्या खाली फिका तांबडा, उणे ४ च्या खाली गडद तांबडा. मधले पांढरे. आपल्या चित्रात पहिल्या वर्गातले वाचलेले गडद निळे, बुडालेले गडद तांबडे. क्रूमधले वाचलेले गडद तांबडे. दुसऱ्या वर्गातल्या बुडालेल्यांचे उत्तर उणे १.९ येते, म्हणून तो आयत थोडक्यात पांढरा राहतो.

आता क्रूमधल्या बुडालेल्यांकडे पाहा. ६७३ माणसांचा तो अजस्र आयत निळा आहे. निळे म्हणजे चांगले, असे मनात धरून बघणारा इथे चक्रावतो. निळ्याचा अर्थ एवढाच की अपेक्षेहून जास्त. इथे अपेक्षेहून जास्त मेले, म्हणून निळा. रंगाला बरे-वाईट काही कळत नाही.

## लहान संख्या, मोठ्या पायऱ्या

मोझेइक प्लॉटमध्ये क्षेत्रफळ संख्या दाखवते असे आपण म्हणत आलो, पण नेमके बोलायचे तर ते एकूण संख्येतला वाटा दाखवते. एकूण माणसे २२०१ होती की २२०, हे चित्राच्या आकारावरून कळत नाही. प्रत्येक आकडा दहाने भागा. चित्र हुबेहूब तेच निघते, तोच जिना, त्याच रुंदी.

रंग मात्र बदलतात. सगळे आकडे दहापट लहान झाले की वरची उत्तरे सुमारे ३.२ पटीने आखडतात. पहिल्या वर्गातल्या वाचलेल्यांचे साडेनऊ तीनवर येते आणि गडद निळा फिका होतो. क्रूमधल्या वाचलेल्यांचे उणे ४.४ उणे १.४ होते आणि तो आयत पांढरा पडतो. रंग उरतो तो फक्त पहिल्या वर्गाच्या पट्टीत. उतरता जिना तसाच दिसत असला तरी एवढ्याशा माणसांवरून उजवीकडच्या उताराबद्दल ठामपणे बोलता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

एखाद्या संस्थेने पन्नास-साठ जणांना विचारून असे चित्र छापले असेल तर पायऱ्या कितीही नाट्यमय दिसल्या तरी आधी एकूण संख्या शोधावी. ती चित्राखाली दिलेली नसेल, तर त्या पायऱ्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.

## ‘क्रू आणि तिसरा वर्ग सारखेच, नाही का?’

पहिल्या चित्रातली शेवटची पायरी आठवा. तिसरा वर्ग २५ टक्के, क्रू २४. रेष जवळपास सरळ गेली. आपणच वर म्हटले की सरळ रेष म्हणजे फरक नाही. मग जहाजाचे कर्मचारी आणि तिसऱ्या वर्गाचे प्रवासी यांच्या नशिबात काही फरक नव्हता, असे म्हणायचे का?

त्याच तक्त्यात स्त्री-पुरुष अशी तिसरी वर्गवारीही आहे, आपण ती बाजूला ठेवली होती. ती घालून पाहू. तिसऱ्या वर्गात ५१० पुरुष होते, त्यांतले ८८ वाचले: १७ टक्के. क्रूमध्ये ८६२ पुरुष, १९२ वाचले: २२ टक्के. पुरुषांत क्रूची स्थिती बरी. आता स्त्रिया. तिसऱ्या वर्गात १९६, वाचल्या ९०: ४६ टक्के. क्रूमध्ये फक्त २३, वाचल्या २०: ८७ टक्के. स्त्रियांतही क्रूची स्थिती बरी.

पुरुषांत क्रू वरचढ, स्त्रियांत क्रू वरचढ, आणि दोघांना एकत्र केले की क्रू किंचित खाली! विद्यार्थी दोनदा बेरीज करून बघतात, पण बेरीज बरोबरच असते. गोम रुंदीत आहे. स्त्रिया सगळीकडेच पुरुषांहून कितीतरी जास्त प्रमाणात वाचल्या. तिसऱ्या वर्गात त्या चौथ्या हिश्शाहून अधिक होत्या, त्यांनी आपल्या गटाची सरासरी वर ओढली. क्रूमध्ये त्या शंभरात तीनसुद्धा नव्हत्या, तिथे वर ओढायला कुणी नव्हते. या चकव्याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात.

मोझेइक प्लॉटला हे दाखवता येते, पण त्यासाठी प्रत्येक वर्गाची पट्टी आधी स्त्री-पुरुष अशी उभी चिरावी लागते आणि मग आडवी रेष घालावी लागते. चार पट्ट्यांच्या आठ होतात. क्रूमधल्या स्त्रियांची पट्टी आपल्या कागदावर अवघी २.३ मिलिमीटर रुंद येते. पेन्सिलच्या दोन-तीन रेघांची जागा. तिच्यात ८७ टक्क्यांची उंच रेष असते, पण ती दिसायला भिंग लागेल, आणि तेवीस माणसांवरून काढलेल्या टक्केवारीला तेवढीच जागा मिळावी हे ठीकच आहे. पुरुषांच्या चार पट्ट्या मात्र ऐसपैस आहेत, आणि त्यांच्यात डावीकडून उजवीकडे उतरणारा जिना सापडत नाही. पहिल्या वर्गात ३४ टक्के, दुसऱ्यात १४, तिसऱ्यात १७, क्रूमध्ये २२. पुरुषांपुरते बोलायचे तर सर्वांत खाली दुसरा वर्ग आहे.